चुन्याचे पाणी आणि आम्लाचे पाणी

कोल्हापुरी वहाणेचे चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले असते. कानपूर, कोलकाता किंवा तमिळनाडूतील राणीपेट आणि आंबूर येथे बुटांसाठी जे चामडे तयार होते, त्याचा फार मोठा भाग क्रोमियमच्या क्षारात कमावलेला असतो. या दोन पद्धतींत अंतर पुष्कळ आहे. परंतु कातडे सालीत घाला की क्रोमियमच्या पाण्यात, त्याआधी त्यावरचे केस काढावेच लागतात. केस काढण्याचे हे काम बहुतेक ठिकाणी चुना आणि सोडियम सल्फाइड या जोडीवर सोपविलेले असते. कातडी कमावण्याच्या धंद्यातील सर्वांत झटपट मारणारा धोका या पहिल्याच पायरीत जन्म घेतो, आणि तो दिसतो मात्र पुढे कोठेतरी, दुसऱ्याच पायरीवर किंवा कारखान्याबाहेरच्या गटारात. त्यामुळे तो ओळखण्यात माणसाची चूक होते.

या धंद्यातील विषांचा स्वभाव नीट पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. एकच द्रव्य एका स्थितीत सोसवते आणि दुसऱ्या स्थितीत जीव घेते. सल्फाइड चुन्याच्या पाण्यात असते तोवर ते हवेत जात नाही. आम्ल मिळताच ते वायुरूप होते. क्रोमियमचेही तसेच आहे; त्याचे एक रूप तुलनेने सौम्य, तर दुसरे अत्यंत दाहक आहे. म्हणून या कारखान्यातील सुरक्षितता म्हणजे मुख्यतः कोणते द्रव्य कोणत्या स्थितीत आहे याची जाण आणि नको त्या दोन गोष्टींची गाठ पडू न देण्याची व्यवस्था होय.

प्रथम कामाचा क्रम पाहू. मिठात टिकवलेले कातडे पाण्यात भिजवून मऊ करतात. नंतर ते लाकडी फिरत्या पिंपात किंवा हौदात घालून त्यात चुना आणि सोडियम सल्फाइड टाकतात. कातड्याच्या वजनाच्या शेकडा दोन ते तीन इतके सल्फाइड हे सर्वसाधारण प्रमाण आहे. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, त्यातील गंधकाचे बंध सल्फाइड तोडते आणि केस विरघळून जातो. या वेळी पाणी अतिशय क्षारीय असते. आम्लता मोजण्याच्या ज्या मापाला पीएच म्हणतात, त्यावर ते बाराच्या वर भरते. या मापावर सात हा मध्य आहे. त्याच्या वर क्षार आणि त्याच्या खाली आम्ल.

यानंतर कातड्यातील चुना काढावा लागतो. त्यासाठी अमोनियम सल्फेटसारखा क्षार घालतात आणि पाणी आठ-नऊपर्यंत उतरते. त्यापुढील पायरीत मीठ व गंधकाम्ल घालून कातडे आम्लात मुरवतात. तेथे पाणी तीनच्याही खाली जाते. मगच क्रोमियम त्यात शिरते. थोडक्यात, कातड्याचा प्रवास क्षाराच्या एका टोकापासून आम्लाच्या दुसऱ्या टोकापर्यंत होतो. पाणी दहाच्या वर असेपर्यंत सल्फाइड द्रावणातच राहते. नऊच्या खाली उतरू लागले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटू लागतो. सातवर आले म्हणजे सुमारे अर्धे सल्फाइड वायूच्या रूपात आलेले असते, आणि आम्लात तर जवळजवळ सर्वच.

हे प्रमाण डोळ्यांपुढे यावे म्हणून एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका पिंपात एक हजार किलो कातडी आहेत आणि त्यात शेकडा अडीच या मानाने २५ किलो सल्फाइड घातले आहे, असे समजा. बाजारात मिळणाऱ्या सल्फाइडच्या पापुद्र्यांत शुद्ध द्रव्य शेकडा ६० असते. म्हणजे ते १५ किलो झाले. त्या सर्वाचा वायू झाला, तर सुमारे साडेसहा किलो हायड्रोजन सल्फाइड तयार होईल आणि त्याचे आकारमान जवळजवळ पावणेपाच घनमीटर भरेल. आता हा सर्व वायू न सुटता त्याचा केवळ दहावा भाग सुटला आणि तो दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद व पाच मीटर उंच अशा बंद छपराखाली पसरला, तर तेथील हवेच्या दर दशलक्ष भागांत नऊशेहून अधिक भाग या वायूचे होतील. भारतातील कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी घालून दिलेली मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग अशी होती. एका पिंपाच्या दहाव्या हिश्शाने ती नव्वद पटींहून अधिक ओलांडली जाते.

नऊशे भागांचा अर्थ काय, हेही सांगावयास हवे. शंभर भागांच्या आसपास डोळे व घसा चुरचुरतात. पाचशे-सातशे भागांत माणूस काही मिनिटांत लडखडून पडतो. हजाराच्या जवळपास तर एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते, कारण हा वायू शरीरातील पेशींची प्राणवायू वापरण्याची शक्तीच थांबवतो. परंतु याहून फसवी गोष्ट त्याच्या वासाची आहे. सडक्या अंड्यासारखा हा वास अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतो. म्हणून कामगाराचा समज होतो की, धोका आला तर वास येईलच. प्रत्यक्षात शंभर भागांच्या पुढे काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येईनासा झाला याचा अर्थ वायू ओसरला असा घेणारा माणूस त्याच क्षणी सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. याखेरीज हा वायू हवेहून थोडा जड असल्याने हौद, खड्डे, तळघर आणि गटार यांत साचून राहतो.

द्रव्ये चुकीच्या जागी एकत्र आली म्हणजे काय होते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातील व्हाइटहॉल या गावी घडले. तेथील एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात ४ जून १९९९ रोजी सोडियम हायड्रोसल्फाइडच्या द्रावणाचा टँकर आला. हे द्रव्य केस काढण्यासाठीच वापरतात. त्याच कारखान्यात सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी हिराकशीचे, म्हणजे फेरस सल्फेटचे आम्लयुक्त द्रावणही लागत असे आणि तेही टँकरनेच येई. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाच्या पाहण्यात तोवर हिराकशीचेच टँकर आले होते. हाही टँकर तसाच असावा असे समजून त्याने चालकाला हिराकशीच्या टाकीकडे जाणारी नळी दाखविली. सल्फाइडचे द्रावण त्या आम्लयुक्त टाकीत जाऊ लागले, हायड्रोजन सल्फाइड उसळला आणि चालक तेथेच मरण पावला. कारखान्यातील एक कामगारही बाधित झाला.

या प्रकरणात कोणतेही यंत्र मोडले नव्हते. द्रव्ये शुद्ध होती, टाक्या शाबूत होत्या. चूक एवढीच झाली की, एका द्रव्याच्या नळीला दुसऱ्या द्रव्याचा टँकर जोडला गेला आणि तो जोडता येऊ शकला. यावरून निघणारा उपाय उपदेशाचा नसून लोखंडाचा आहे. सल्फाइडच्या आणि आम्लाच्या नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या आकारांची असावीत, म्हणजे एकीचा जोड दुसरीला बसणारच नाही. प्रत्येक तोंडावर ठळक नाव असावे आणि तोंडाला कुलूप असावे. टँकरबरोबरचे कागद वाचून, द्रव्याचे नाव टाकीवरील नावाशी ताडून पाहिल्यावरच जबाबदार माणसाने ते कुलूप काढावे. रात्री ते कागद वाचणारा माणूस हजर नसेल, तर टँकर सकाळपर्यंत उभा ठेवावा.

आपल्याकडील लहानमोठ्या कारखान्यांत टँकर येईलच असे नाही. सल्फाइड पोत्यांतून येते. तरीही तीच गाठ दुसऱ्या वाटेने पडते. ती वाट गटाराची आहे. सकाळी चुन्याचा हौद रिकामा केला, त्याचे सल्फाइडयुक्त पाणी पन्हळीतून वाहिले. दुपारी आम्लाचे किंवा क्रोमियमचे पिंप त्याच पन्हळीत ओतले. दोन्ही पाणी गटाराच्या खोलगट भागात भेटतात. ज्याने पिंप ओतले तो वीस पावले दूर असतो. वायू मात्र पन्हळीवर वाकलेल्या दुसऱ्याच कामगाराच्या तोंडावर येतो. म्हणून जुन्या आणि नव्या सर्व तज्ज्ञांचा पहिला नियम हाच आहे की, चुन्याचे पाणी आणि आम्लाचे पाणी यांच्या पन्हळी उगमापासून निराळ्या असाव्यात. चुन्याचे पाणी स्वतंत्र टाकीत घ्यावे. तेथे अत्यल्प मँगनीज सल्फेट घालून त्यातून काही तास हवा खेळविली असता सल्फाइडचे निरुपद्रवी गंधकयुक्त क्षारांत रूपांतर होते. सल्फाइड संपल्याची चाचणी झाली, म्हणजेच ते इतर पाण्यात मिसळू द्यावे.

पिंपाच्या आतही ही गाठ पडते. चुना काढण्यासाठी अमोनियमचे क्षार घातले की पाणी खाली उतरते आणि कातड्यात मुरून राहिलेले सल्फाइड वायू होऊन पिंपात कोंडते. झाकण उघडून आत डोकावणारा कामगार तो पहिल्याच श्वासात घेतो. यास्तव चुन्यातून काढलेली कातडी प्रथम भरपूर पाण्याने धुवावीत, त्या धुण्याचे पाणी चुन्याच्याच पन्हळीत सोडावे, आणि चुना काढण्याच्या पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उरलेसुरले सल्फाइड मोडून टाकावे. झाकण उघडल्यावर लगेच आत न वाकता, वायू ओढून नेणारा पंखा चालवून काही वेळ थांबावे. सल्फाइडचाच वापर कमी व्हावा म्हणून चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, जी १९४८ साली स्थापन झाली, विकरांच्या साह्याने केस काढण्याच्या पद्धतींवर पुष्कळ काम केले आहे. या पद्धतीत केस विरघळत नाही, मुळातून सुटतो, आणि सांडपाण्यातील सल्फाइड बरेच कमी होते.

आता गटाराच्या गाळाकडे वळू, कारण आपल्या देशात या धंद्यातील मृत्यू तेथे वारंवार घडतात. कोणी आम्ल ओतले नाही, तरीही साचलेल्या गाळात हवा पोहोचत नसल्याने काही जंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवीत राहतात. कातडी कमावण्याच्या सांडपाण्यात सल्फेट मुबलक असते, म्हणून या जंतूंना खाद्याची वाण पडत नाही. हा वायू गाळात दडून राहतो. वरून मापक यंत्र लावले तर हवा शुद्ध दिसू शकते. पण फावड्याने किंवा पायाने गाळ ढवळला की तो एकदम बाहेर येतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी कोलकात्याजवळ बानतला येथील चर्मसंकुलात भूमिगत नाल्याच्या सफाईचे काम करणारे तीन मजूर मरण पावले. त्याआधी चारच दिवस, २९ जानेवारी रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यासह देशातील सहा महानगरांत माणसांकरवी गटार साफ करून घेण्यास मनाई केली होती.

अशा जागी पहिला प्रश्न माणूस कसा उतरवावा हा नसून, माणूस उतरवलाच पाहिजे काय, हा आहे. गाळ पंपाने किंवा शोषक यंत्राने वरूनच काढता येतो आणि शक्य तेथे तसेच करावे. दुसरा कोणताही मार्ग नसलेल्या, कायद्याने मना नसलेल्या टाकीत उतरणे भागच पडले, तर तिला येणाऱ्या सर्व नळ्या बंद कराव्यात, पंख्याने ताजी हवा आत सोडावी, आणि दोरीला बांधलेले मापक वरच्या, मधल्या व तळच्या थरात सोडून प्राणवायू व हायड्रोजन सल्फाइड दोन्ही मोजावेत. काम चालू असताना मोजणी थांबवू नये, कारण धोका ढवळण्याने निर्माण होतो. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि त्याला बांधलेला दोर असावा, दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा येथे निरुपयोगी आहे. बाहेरून हवा पुरविणारे किंवा पाठीवर हवेची नळकांडी असलेले श्वसनयंत्रच चालते. १९४८ च्या अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने पट्टा, दोर आणि श्वसनयंत्र या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या.

वर उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट निक्षून सांगितलेली असावी लागते. खाली गेलेला सोबती कोसळला, तर त्याने दोर ओढावा, हाका माराव्यात, पण श्वसनयंत्राशिवाय खाली उतरू नये. अशा अपघातांत दोन-दोन, तीन-तीन माणसे एकदम जातात, ती बहुधा यामुळेच. पहिला माणूस वायूने जातो आणि दुसरा त्याच्यावरील मायेने. दोर आधीच बांधलेला असेल, तर दुसऱ्याला उतरण्याची गरज उरत नाही.

हायड्रोजन सल्फाइड क्षणात मारतो. क्रोमियमचे काम वर्षानुवर्षे चालते. क्रोमियमने कातडी कमावण्याची पहिली यशस्वी पद्धत १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने काढली. तीत कातडे प्रथम डायक्रोमेटच्या पाण्यात बुडवून मग दुसऱ्या द्रावणात त्याचे रूप पालटावे लागे. डायक्रोमेटमधील क्रोमियम षट्‌संयुजी असते. ते त्वचेवरील बारीक ओरखड्यातून आत शिरे आणि बोटांच्या पेरांवर, नखांच्या मुळाशी खोल, गोल, कडा उंच असलेली जखम होई. ती फारशी दुखत नाही, म्हणून कामगार तिच्याकडे दुर्लक्ष करी. त्याची बाष्पे व तुषार श्वासात जाऊन नाकाच्या मधल्या पडद्याला भोकही पडे. पुढे १८९३ साली मार्टिन डेनिस याने तयार त्रिसंयुजी क्रोमियमची पद्धत आणली आणि आज सर्वत्र तीच चालते. त्रिसंयुजी क्रोमियम त्वचेतून सहजी आत जात नाही, म्हणून ते पुष्कळ सौम्य होय.

परंतु सौम्य रूप पुन्हा उग्र होऊ शकते, आणि या धंद्यात ते तीन ठिकाणी घडते किंवा राहून जाते. काही कारखानदार डायक्रोमेट, गंधकाम्ल आणि गूळ किंवा मळी यांपासून क्रोमियमचे द्रावण स्वतःच बनवितात. ही क्रिया अपुरी राहिली, तर षट्‌संयुजी क्रोमियम द्रावणात शिल्लक राहते. दुसरे ठिकाण म्हणजे क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या कातरणांना व भुशाला आग लावणे. हवेत जळताना त्यातील क्रोमियम षट्‌संयुजी होते आणि राखेत व धुरात उतरते. तिसरे म्हणजे क्षारीय परिस्थिती, दीर्घ साठवण आणि उष्णता यांमुळे तयार चामड्यातच त्याचे अल्प प्रमाणात रूपांतर होणे. म्हणून द्रावण तयार विकत घ्यावे, कातरणे जाळू नयेत, आणि चामडे अमोनियासारख्या क्षाराने रंगविण्याचे टाळावे. षट्‌संयुजी क्रोमियम आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी परीक्षा डायफेनिल कार्बाझाइड या द्रव्याने होते. ते असेल तर पाणी जांभळे होते. हे रूप फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि ज्याच्या त्वचेला एकदा त्याचे वावडे जडले त्याला ते बहुधा जन्मभर सोबत करते. क्रोमियमयुक्त चामड्याची वहाणही मग त्याला सोसत नाही.

शेवटी त्वचेकडे येऊ. या धंद्यात डॉक्टरांच्या दारी सर्वांत अधिक आणणारी व्याधी तीच आहे. सल्फाइड केसातील केराटिन विरघळविते, हे वर आलेच आहे. माणसाची नखे आणि त्वचेचा बाहेरचा थर केराटिनचेच असतात. कातड्यासाठी घातलेले द्रव्य कामगाराच्या हातावर तेच काम करू पाहते. त्यात चुना भर घालतो; आधी हात निबर व कोरडे होतात, मग बोटांच्या सांध्यांना भेगा पडतात. पुढच्या पायरीत त्याच भेगांत मीठ आणि आम्ल शिरते, आणि त्यानंतर क्रोमियम. क्रोमियमचे वावडे निर्माण होण्याला ही मोडलेली त्वचा वाट करून देते. म्हणून क्रोमियमच्या खात्यातील त्वचारोगाचा उपाय बहुधा चुन्याच्या खात्यात शोधावा लागतो.

हातमोजे घालावेत हे सर्वांना ठाऊक आहे. पण भोक पडलेला हातमोजा उघड्या हाताहून वाईट, कारण आत शिरलेले चुन्याचे पाणी तासन्‌तास त्वचेवर दाबून धरले जाते. कोपरापर्यंतचे, आतून कोरडे, रोज पाणी भरून पाहिलेले मोजे असावेत. त्याबरोबर रबरी ॲप्रन आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत. चुना अंगावर उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे धूत राहावे, आणि त्यासाठी नळ कामाच्या जागेपासून काही पावलांवर हवा. जेवणापूर्वी व सुटीच्या वेळी हात सौम्य साबणाने धुऊन खोबरेल तेल किंवा साधे मलम चोळणे हेही औषधच आहे. ज्याच्या हाताला चीर वा फोड आहे त्याला तो बरा होईपर्यंत कोरडे काम द्यावे. आठवड्यातून एकदा सर्वांचे हात उजेडात पाहिले, तर पेरांवरची न दुखणारी जखम, जी कामगार स्वतःहून सांगत नाही, ती वेळीच दिसते.

कोल्हापूरच्या साली-हिरड्याच्या पद्धतीत क्रोमियमची चिंता उरत नाही. चुना आणि सल्फाइड मात्र तेथेही आहेतच, आणि त्यांच्या पाण्याची पन्हळ कोठे जाते, तिला वाटेत कोणते पाणी मिळते, हा प्रश्न तेथेही तितकाच खरा आहे. कोणत्याही कातडी कमावण्याच्या कारखान्यात पाहणीसाठी गेलेल्या अधिकाऱ्याने म्हणूनच पिंपांकडे पाहण्यापूर्वी पन्हळींचा माग काढत जावे. जेथे दोन पन्हळी मिळतात, तेथे उभे राहून पहिला प्रश्न विचारावा.